पनीरचा किलोमागचा खरा खर्च: १०० लिटरच्या एका घाण्याचा हिशेब

भांडुपच्या एका गाळ्यात रोज २०० लिटर म्हशीच्या दुधाचं पनीर काढणाऱ्या मुलाने मला त्याची वही दाखवली. दूध ६० रुपये लिटर, पाच लिटरला एक किलो, म्हणजे दुधाचे ३०० रुपये. गॅस, मजुरी, पिशवी असं सगळं धरून ६०. खर्च ३६०, हॉटेलला भाव ४४०, किलोमागे ८० सुटतात. त्याने विचारलं, "दादा, हिशेबात रोज तीन हजार सुटतात, मग महिनाअखेरीला दूधवाल्याचं बिल द्यायला पैसे का नसतात?"

वहीत खोटं काहीच नव्हतं. चूक आकडे घेण्याच्या जागेत होती. दूध मोजलं होतं एका ठिकाणी आणि पनीर भलत्याच ठिकाणी, बाकीचे ६० रुपये तर अंदाजाने टाकलेले. हीच वही मला मुंबईत वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून त्या मुलाबरोबर आम्ही एका घाण्याचा हिशेब जसा केला तसा इथे क्रमाने देतो. भाव त्याचे आहेत. तुम्ही तुमचे घाला, क्रम मात्र बदलू नका.

तयारी: हिशेबाआधी काय हवं

पाच किंवा दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, एक थर्मामीटर, रोजच्या दुधाची फॅट-एसएनएफची चिठ्ठी आणि एक वही, एवढं पुरतं. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी हरकत नाही, फक्त आकडा त्या क्षणी लिहा. रात्री गाळा बंद करताना आठवून लिहिलेला उतारा नेहमी सरळ २० किलो येतो. काट्यावर तो १९.४ किंवा २०.३ असा येतो आणि आपल्याला तोच हवा असतो.

सलग सात दिवस प्रत्येक घाण्याची नोंद घ्या आणि मग सरासरी काढा. एका चांगल्या दिवसाच्या उताऱ्यावर भाव ठरवणं ही पहिली चूक.

टप्पा १: दूध लिटरने घेता की किलोने?

एक लिटर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो भरतं. दूधवाल्याचं बिल किलोत आणि तुमचा हिशेब लिटरमध्ये असेल, तर तीन टक्के तिथेच निसटतात. १०० लिटरचं पातेलं भरायला १०३ किलो दूध लागतं. किलोला ६० रुपये असतील तर दुधाचे ६,००० नाही, ६,१८० होतात. या १८० रुपयांमुळे पनीरच्या किलोमागे साडेनऊ रुपये वाढतात. त्या मुलाचं बिल लिटरचं होतं, म्हणून पुढच्या हिशेबात ६,००० धरले आहेत. शहापूरहून येणाऱ्या टेम्पोचं भाडं त्यातच होतं. तुमचं भाडं वेगळं असेल तर ते दुधातच मिळवा, "इतर खर्चात" लपवू नका.

उतारा दुधातल्या घन भागावर ठरतो. ६ टक्क्यांच्या आसपास फॅट आणि ९ टक्के एसएनएफ असलेल्या म्हशीच्या दुधातून पाच ते साडेपाच लिटरला किलो पनीर निघतं. गायीच्या दुधाला साडेसहा-सात लिटर लागतात. तबेल्याचं मिसळीचं दूध या दोन्हींच्या मधे कुठेही बसू शकतं. म्हणून "पाच लिटरला किलो" हे वाक्य फॅटच्या आकड्याशिवाय निरर्थक आहे.

> तपासा: फॅट बरोबर आहे पण एसएनएफ साडेआठच्या खाली आलंय? म्हशीच्या दुधात असं दिसलं तर पाण्याचा संशय घ्या. फक्त फॅटवर पैसे देणाऱ्याला हे कळत नाही. त्याला ते काट्यावर कळतं, तेव्हा दूध फाडून झालेलं असतं.

टप्पा २: घाणा काढताना उतारा कुठे जातो

पनीर कसं करायचं हे तुम्हाला माहीत आहे. इथे पैशाशी संबंध असलेल्या तीनच जागा सांगतो.

पहिली जागा म्हणजे ताप. दूध ९० अंशांपर्यंत नेऊन काही मिनिटं धरायचं असतं. एवढ्या तापाला, एरवी पाण्याबरोबर निघून जाणारी प्रथिनं केसीनला चिकटतात आणि पनीरमध्येच राहतात. गॅस वाचवायला दूध ७५पर्यंतच तापवून फाडलं, तर ती प्रथिनं निवळीत जातात. १०० लिटर थंड दूध ९०पर्यंत न्यायला दीड ते दोन किलो गॅस जळतो. त्यातला तीस-चाळीस रुपयांचा गॅस वाचवून त्याहून जास्त किमतीचं पनीर मोरीत जातं.

दुसरी जागा फाडण्याचं तापमान. दूध ७० ते ७५वर आणून मगच आम्ल घाला. फार गरम दुधात घातलं तर दाणा आकसून कोरडा आणि कडक होतो, वजन घटतं. फार थंड केलं तर दाणा मऊ राहतो, पाणी धरून ठेवतो, साच्यात वजन छान दिसतं आणि कापताना चुरा पडतो.

तिसरी जागा आम्लाची. १०० लिटरला साधारण २०० ते २५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, दहा-बारा लिटर गरम पाण्यात विरघळवून, हळूहळू ढवळत घाला. निवळी हिरवट-पिवळी आणि आरपार दिसली की थांबा. दुधाळ असेल तर आम्ल कमी पडलंय आणि तुमचा माल त्या पाण्यात तरंगतोय. उलट, निवळी स्वच्छ झाल्यावरही घालत राहिलात तर पनीर आंबट आणि ठिसूळ होतं.

> सावध: उतारा वाढवायला पाणी धरून ठेवू नका. पनीरमध्ये ओलावा जास्तीत जास्त ६० टक्के आणि कोरड्या भागात दुधाची फॅट किमान ५० टक्के, असा अन्न सुरक्षेचा नियम आहे. शिवाय ते पाणी हॉटेलच्या फ्रिजमध्ये सुटतं आणि आचारी दुसऱ्या दिवशी पिशवी उलटी करून दाखवतो.

टप्पा ३: निवळीतलं नुकसान मोजा, निवळी नव्हे

१०० लिटर दुधाच्या घाण्यातून आम्लाच्या पाण्यासकट सुमारे ९० किलो निवळी निघते. नवीन माणूस तिच्याकडे बघून हळहळतो, "एवढं दूध वाया गेलं." तसं नाही. त्यातला बहुतेक भाग पाणी आणि दुधाची साखर आहे, ती पनीरमध्ये येणारच नव्हती. तिचा खर्च आधीच "पाच लिटरला किलो"मध्ये धरलेला आहे, तो दुसऱ्यांदा धरू नका.

खरं नुकसान म्हणजे निवळीत जायला नको होतं तरी गेलेली फॅट आणि बारीक दाणे. ते कळण्याचे दोन मार्ग आहेत. आठवड्यातून एकदा निवळीचा नमुना फॅट मशीनवर लावा. अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर ठीक. एक टक्का आली, तर ९० किलोमागे जवळजवळ ४५० ग्रॅम जास्तीची फॅट गेली, म्हणजे एका घाण्यात अर्ध्या किलोच्या आसपास तूप मोरीत. दुसरा मार्ग त्याहून सोपा: निवळी दुहेरी मलमलमधून पुन्हा गाळा आणि कापडावर राहिलेला गाळ पिळून वजन करा. भांडुपला पहिल्या दिवशी तो ३८० ग्रॅम निघाला. साच्याचं कापड विरलं होतं आणि फाडल्यावर पाच मिनिटंही न थांबता पातेलं ओतलं जात होतं. कापड बदललं, दाणा खाली बसू दिला, तिसऱ्या दिवशी गाळ शंभर ग्रॅमच्या खाली आला.

निवळी विकून मिळणारे पैसे हिशेबात कधी धरायचे? कोणी रोख देऊन रोज नेऊ लागेल तेव्हा. तबेलेवाल्याने लिटरला रुपया दिला तर घाण्यामागे ९० रुपये, म्हणजे पनीरच्या किलोमागे पावणेपाच रुपये येतात. पण कॅन पोचवायला तुमचीच गाडी जात असेल तर हा रुपया उरत नाही. तोवर वहीत शून्य लिहा. आंबट निवळी उन्हाळ्यात काही तासांतच वास मारते, आणि गटारात सोडली तर तिचा भार घरगुती सांडपाण्याच्या शंभरपटीहून जास्त असतो. गाळ्यांच्या वस्तीत शेजाऱ्यांची पहिली तक्रार इथूनच सुरू होते. निवळी उचलून नेण्याचे पैसे द्यावे लागत असतील, तर तो खर्च म्हणून लिहा.

टप्पा ४: पनीरचं वजन कधी करायचं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे होते. त्या मुलाच्या वहीतला "२० किलो" हा आकडा प्रेसमधून काढल्या काढल्या, गरम लादीचा होता. हॉटेल मात्र थंड, निथळलेल्या, कापलेल्या पनीरचे पैसे देतं. म्हणून आम्ही एकाच घाण्याचं वजन तीनदा केलं.

प्रेसमधून काढल्यावर २०.० किलो भरलं. बर्फाच्या पाण्यात दोन तास ठेवून, जाळीवर नीट निथळून आणि कडा कापून १९.३ किलो. नमुने, काट्यावरची वाढीव टाक आणि परत आलेली एक पिशवी वजा केल्यावर ज्याचे पैसे आले ते १९.० किलो. कडांचा चुरा घरी किंवा भुर्जीवाल्याला जातो, त्याचे पैसे आले तर वेगळे लिहा.

भागायचं ते या १९ने. दूध १०० लिटर आणि विकलेलं पनीर १९ किलो, म्हणजे एका किलोला ५.२६ लिटर. तुमच्या भिंतीवर हाच आकडा लिहिलेला हवा.

> तपासा: विक्रीच्या वजनात अर्धा किलो घट आली (१९ ऐवजी १८.५), तर किलोचा खर्च साडेअकरा रुपयांनी वाढतो. दूध लिटरला एका रुपयाने महागलं तर तो सव्वापाच रुपयांनीच वाढतो. दूधवाल्याशी रुपयासाठी घासाघीस करतो तेवढंच लक्ष काट्याकडेही हवं.

टप्पा ५: एका घाण्याचा पूर्ण खर्च

त्याच्याकडे रोज दोन घाणे, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ५२ घाणे होतात. महिन्याचे बांधील खर्च असे निघाले: गाळ्याचं भाडं २८,००० रुपये, परवाना, तपासणी आणि हिशेबनीस ३,०००, फ्रिज-भांड्यांची झीज ५,०००, दुरुस्ती आणि किरकोळ ३,०००. एकूण ३९,०००, त्याला ५२ने भागून घाण्यामागे ७५०.

मजुरीत एक मदतनीस आणि तो स्वतः, दोघांचे प्रत्येकी रोजचे ७०० धरले, म्हणजे दिवसाला १,४०० आणि घाण्याला ७००. स्वतःची मजुरी धरायला तो तयार नव्हता, "मी तर मालक आहे" म्हणाला. पण तो आजारी पडला तर त्या जागी माणूस लावावाच लागेल, आणि तो फुकट येणार नाही.

| बाब | एका घाण्याला (₹) |
|---|---|
| दूध, १०० लिटर | ६,००० |
| व्यावसायिक गॅस, २ किलो | १८० |
| सायट्रिक ॲसिड | ३० |
| वीज आणि बर्फ | १२० |
| साफसफाई, मलमल | ६० |
| मजुरी | ७०० |
| पिशव्या, किलोला ५ | ९५ |
| पोचवणं | २५० |
| बांधील खर्च | ७५० |
| एकूण | ८,१८५ |

८,१८५ भागिले १९, म्हणजे किलोला साधारण ४३१ रुपये. वहीत ३६० होते. हॉटेलचा भाव ४४०, म्हणजे ८० नव्हे, फक्त ९ रुपये सुटत होते. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे एक पिशवी परत आली की दिवस फुकट."

जीएसटीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५पासून लेबल लावलेल्या पॅकबंद पनीरवरचा ५ टक्के कर शून्य झाला आहे. पण त्यामुळे पिशव्या, भाडं, यंत्र यांवर तुम्ही भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळत नाही. म्हणून हे सगळे खर्च करासकट लिहा.

टप्पा ६: भाव आणि मार्जिन

मार्जिन विक्रीच्या भावावर काढतात, खर्चावर नाही. ४३१ खर्चावर १५ टक्के मार्जिन हवं म्हणून ४३१ गुणिले १.१५ केलं तर ४९६ येतात. त्या भावाला विकून हातात मात्र १३ टक्केच राहतात. बरोबर रीत म्हणजे ४३१ भागिले ०.८५, म्हणजे ५०७. फरक किलोला ११ रुपयांचा आहे, आणि रोज ३८ किलो विक्रीवर महिन्याला सुमारे ११ हजारांचा.

५०७ला हॉटेल घेणार नाही, हे मलाही माहीत आहे. बाजारात वनस्पती तेल घातलेला बनावट माल स्वस्तात फिरतो, त्याच्या भावाशी म्हशीच्या दुधाचं पनीर कधीच जुळणार नाही. तिथे भाव पाडून टिकता येत नाही. उपाय गिऱ्हाइकांच्या वाटणीत आहे. आम्ही त्याच्या घाण्याची वाटणी बदलली: १२ किलो हॉटेलला ४४०ने (५,२८०) आणि ७ किलो आसपासच्या सोसायट्या आणि किराणा दुकानांत २००-२०० ग्रॅमच्या पाकिटांत, किलोला ५२० पडेल अशा भावाने (३,६४०). एकूण विक्री ८,९२०. लहान पाकिटांना किलोमागे १५ रुपये पिशवीचे जास्त लागले, म्हणून खर्च ८,२९०. शिल्लक ६३०, म्हणजे विक्रीच्या सात टक्के. सगळा माल हॉटेलला दिला असता तर १७५ उरले असते.

तिसरा घाणा काढला तर काय होतं? माणसं तीच राहिली, तर मजुरी घाण्याला ७०० ऐवजी ४६७ होते आणि बांधील खर्च ७५० ऐवजी ५००. किलोचा खर्च ४०५ला येतो. आकडा मोहात पाडणारा आहे, पण तो माल त्याच दिवशी खपला तरच खरा. श्रावणात आणि नवरात्रात खपतो. बाकी महिन्यांत फ्रिजमध्ये पडलेल्या १९ किलोंनी आठवड्याची कमाई खाल्लेली मी पाहिली आहे. आधी गिऱ्हाईक लावा, मग पातेलं चढवा.

टप्पा ७: उधारी आणि दुधाचा बदलता भाव

दूधवाल्याला आठवड्याला पैसे द्यायचे आणि हॉटेलकडून महिन्याने घ्यायचे, यालाही किंमत आहे. हॉटेलचा रोजचा २४ किलो माल, २६ दिवस, ४४०ने, म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास रक्कम कायम बाहेर अडकलेली. महिना दीड टक्क्याने उसने घेतलेत तर ४,१०० रुपये व्याज, हॉटेलच्या किलोमागे साडेसहा रुपये. ज्या मालात ९ रुपये सुटतात, त्यातले साडेसहा व्याजात गेले. म्हणून रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगळे सांगा आणि आकडा समजावून सांगा. व्यवहारी हॉटेलवाल्याला तो पटतो.

म्हशीचं दूध थंडीत मुबलक असतं आणि उन्हाळ्यात आटतं, भाव त्याप्रमाणे फिरतो. वर्षाचा एकच भाव ठरवून देऊ नका. हॉटेलला माल सुरू करतानाच लिहून द्या: दूध लिटरला एक रुपयाने बदललं की पनीर किलोला साडेपाच रुपयांनी बदलेल, वरही आणि खालीही. सव्वापाचचे साडेपाच केले कारण वाढीच्या महिन्यात उताराही थोडा हलतो.

भांडुपच्या गाळ्यात आता फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर रोज प्रत्येक घाण्याचे पाच आकडे चढतात: दुधाचे लिटर, फॅट, कापडावरचा गाळ, थंड पनीरचं वजन आणि पैसे आलेलं वजन. शेवटच्या दोन आकड्यांत अर्ध्या किलोहून जास्त फरक पडला, तर तो त्याच संध्याकाळी मदतनिसाला घेऊन काटा आणि परत आलेल्या पिशव्या तपासतो.